न दिलेला काटकोन पकडण्यासाठी जिओजेब्रा: काही महिन्यांच्या वापरानंतर

नववी-दहावीचे भूमितीचे सरावसंच छपाईला जाण्याआधी तपासणे हे माझे काम आहे. गेले काही महिने त्यासाठी मी जिओजेब्रा एका अगदी मर्यादित कामाला लावते आहे. पायथागोरस आणि समरूपतेच्या शाब्दिक उदाहरणांत काटकोन खरोखर दिलेला आहे, की आकृतीकडे पाहून धरून घेतलेला आहे, एवढेच मला त्यातून पाहायचे असते. अ‍ॅप फुकट आहे आणि मोबाइलवरही चालते. त्याची बाकीची वैशिष्ट्ये मी इथे सांगत नाही, कारण माझा अनुभव या एका कामापुरता आहे.

अशी उदाहरणे उत्तरसूचीशी ताडून सापडत नाहीत, ही खरी अडचण. आकडेमोड बरोबर असते, पायऱ्या नीट लिहिलेल्या असतात, उत्तरही बहुधा पूर्णांकात येते. चूक पहिल्याच ओळीत असते. तिथे "काटकोन त्रिकोण ABC मध्ये" असे लिहून टाकलेले असते आणि उदाहरणाच्या वाक्यात त्याला कुठेच आधार नसतो.

माझी पद्धत अशी आहे. आधी उदाहरणासोबतची आकृती झाकायची. मग वाक्यात जेवढे दिले आहे तेवढ्यावरूनच रचना करायची. लांबी दिली असेल तर तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ, समांतर म्हटले असेल तर समांतर रेषा. लंब काढायचे साधन मात्र वाक्यात लंब, काटकोन, सर्वांत कमी अंतर, असे काही असल्याशिवाय उचलायचे नाही. रचना झाली की जो बिंदू अजून सुटा आहे तो बोटाने ओढायचा. कोन बदलला तर काटकोन दिलेला नव्हता. ओढायला काही उरलेच नसेल, तर दिलेल्या मापांनी आकृती पक्की बसली आहे आणि कोन मोजून बघता येतो.

सोप्यातले सोपे उदाहरण घ्या. "एक नाव 8 किमी गेली, मग वळून 6 किमी गेली. ती निघाल्या जागेपासून किती दूर आहे?" उत्तरसूचीत 10 किमी. 8 किमीचा रेषाखंड काढा, त्याच्या टोकावर 6 त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि वर्तुळावरचा बिंदू फिरवा. अंतर 2 पासून 14 पर्यंत काहीही येते. 10 हे त्यातले एक. "वळून" म्हणजे काटकोनातच वळून, असे वाक्य म्हणत नाही. "पूर्वेला" आणि "उत्तरेला" हे दोन शब्द घातले की उदाहरण दुरुस्त होते.

पण पद्धतीचा खरा उपयोग कळतो तो एकाच आकृतीत दोन काटकोन असतात तेव्हा. एका संचात मला जे उदाहरण भेटले त्याचा सांगाडा असा: B आणि C ही गावे सरळ महामार्गावर 21 किमी अंतरावर आहेत. A हे गाव B पासून 13 किमी आणि C पासून 20 किमी दूर आहे, दोन्ही रस्ते सरळ. A पासून महामार्गाला जोडणारा सर्वांत लहान रस्ता B पासून 5 किमीवर D येथे मिळतो. AD काढा. सोडवणाऱ्याने भूमितीमध्याचे प्रमेय लावले होते: AD² = BD × DC = 5 × 16 = 80, म्हणून AD सुमारे 8.94 किमी.

इथे D जवळचा काटकोन पूर्ण हक्काचा आहे. बिंदूपासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर लंबाचेच असते, म्हणजे "सर्वांत लहान" या शब्दांनीच तो दिला आहे. भूमितीमध्याच्या प्रमेयाला मात्र दुसरा काटकोन लागतो, शिरोबिंदू A जवळचा. कर्णावर टाकलेला शिरोलंब, अशी त्या प्रमेयाची अटच आहे. तो काटकोन कुणी दिला? जिओजेब्रात हे टाइप केले:

```
B = (0, 0)
C = (21, 0)
c = Circle(B, 13)
d = Circle(C, 20)
A = Intersect(c, d, 1)
Angle(B, A, C)
```

कोन 75.75° आला. काटकोनाच्या जवळपासही नाही. (A खालच्या बाजूला पडला तर हीच आज्ञा 284.25° दाखवते, कारण कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो. घाबरून जाऊ नये, 360 मधून वजा करावे.) आता कागदावरची खातरजमा: 13² + 20² = 569, आणि 21² = 441. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठी, म्हणून A लघुकोन. मग AD कसे काढायचे? हक्काचा काटकोन वापरून. त्रिकोण ABD मध्ये AD² = 13² − 5² = 144, म्हणून AD = 12 किमी. दुसऱ्या बाजूनेही 20² − 16² = 144 येते. दोन्हीकडून उत्तर जुळते, म्हणजे उदाहरणाची मापे निर्दोष होती. चूक फक्त प्रमेय निवडताना झाली होती.

हे उदाहरण मी संचातून काढले नाही. उलट त्यात एक ओळ वाढवली: "∠A काटकोन आहे का, ते कारणासह लिहा." लंब आणि आकृतीतला वरचा शिरोबिंदू दिसला की लगेच भूमितीमध्य, ही सवय मुलांना दहावीच्या पहिल्या दोन प्रकरणांतच लागते. त्याच आकृतीत एक काटकोन सिद्ध होतो आणि दुसरा होत नाही, हे शेजारी शेजारी दिसले तर फरक चांगला ठसतो.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तपासनीस म्हणून प्रत्येक काटकोनावर लाल शाई चालवणे हाही अन्यायच. काही काटकोन वाक्यात लिहिलेले नसतात, तरी दिलेले असतात. AB = 15, AC = 20, BC = 25, बिंदू D बाजू BC वर आणि AD = 12 असे असेल, तर AD लंब आहे असे कुठे म्हटलेले नाही. पण 15² + 20² = 25² म्हणून A काटकोन. त्रिकोणाचे क्षेत्रफळ 150, म्हणून A पासून BC चे लंबांतर 300 ÷ 25 = 12. म्हणजे BC वर A पासून 12 अंतरावर एकच बिंदू असू शकतो, तो लंबपाद. जिओजेब्रात 12 त्रिज्येचे वर्तुळ BC ला फक्त टेकते. हेच AD = 13 केले तर वर्तुळ BC ला दोन ठिकाणी छेदते, D च्या दोन जागा होतात आणि काटकोन गेला. एका आकड्याने एवढा फरक पडतो. अर्धवर्तुळातला कोन, स्पर्शिका आणि त्रिज्या, समभुज चौकोनाचे कर्ण, बाजूच्या निम्म्या लांबीची मध्यगा, हेही असेच न बोलता काटकोन देणारे. मी फक्त पायरीशेजारी कारण लिहून मागते.

तिसरा प्रकार सावल्यांच्या उदाहरणांचा, आणि मला तो सर्वांत आवडतो. 1.5 मीटर काठीची सावली 2 मीटर, त्याच वेळी झाडाची सावली 12 मीटर, झाडाची उंची किती? जवळपास प्रत्येक सोडवणुकीत "दोन्ही काटकोन त्रिकोण" असे लिहिलेले असते. खरे तर इथे काटकोन लागतच नाही. सूर्यकिरण समांतर, काठी आणि झाड एकमेकांना समांतर, दोन्ही सावल्या एकाच सपाटीवर, एवढ्याने दोन कोन समान होतात आणि को-को कसोटी लागते. मी रचनेत जमीन 10° कलती केली. उंची 9 मीटरच राहिली. पण त्याच उदाहरणाच्या दुसऱ्या भागात झाडाच्या शेंड्यापासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर विचारले असेल, तर तिथे काटकोन लागतो. आडव्या जमिनीवर ते 15 मीटर. सावली चढावर पडली तर खोड आणि जमीन यांत 80° आणि अंतर सुमारे 13.7 मीटर. उतारावर पडली तर 100° आणि सुमारे 16.2 मीटर. पहिल्या भागाला पूर्ण गुण आणि दुसऱ्या भागासाठी "सपाट, आडव्या जमिनीवर" हे शब्द घालायची सूचना, असा माझा निर्णय असतो. भिंत, खांब, इमारत उभी धरणे मला मान्य आहे, तो संकेत सगळ्यांनाच ठाऊक असतो. डोंगर, बांध, घाट असे शब्द आले की मात्र मी जमीन आडवी धरू देत नाही.

आता मर्यादा. पडद्यावर 90° दिसले म्हणजे काटकोन सिद्ध झाला, असे समजू नये. मी दोन दशांश स्थळे ठेवते, आणि तेवढ्यात फसगत होऊ शकते. बाजू 408, 408 आणि 577 घेऊन पाहा. कोन 90° दिसतो. पण 408² + 408² = 332928 आणि 577² = 332929. एकाचा फरक आहे, म्हणजे काटकोन नाही. खरा कोन 90° पेक्षा एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमीच जास्त आहे. 577/408 हा अपूर्णांक बौधायन शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी येणारी किंमत आहे, म्हणून असा जवळचा त्रिकोण शोधायला दूर जावे लागत नाही. सेटिंगमधून दशांश स्थळे 15 पर्यंत वाढवता येतात, पण पूर्णांक बाजू असतील तर वर्गांची बेरीज कागदावर करणे अधिक खात्रीचे. ArePerpendicular ही आज्ञासुद्धा एरवी आकड्यांवरूनच ठरवते. तिला Prove च्या आत घातले तरच ती सर्वसाधारण सिद्धता तपासते, आणि काही रचनांत निर्णय न देता ? दाखवते.

आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ग्रिडला चिकटण्याची सोय चालू असली की हाताने ठेवलेले बिंदू पूर्णांक निर्देशकांवर बसतात आणि आकृत्या आपोआप काटकोनी होऊ लागतात. या कामासाठी मी ती बंद ठेवते.

आणि वाक्य वाचायचे काम अ‍ॅप करत नाही. "सर्वांत लहान रस्ता" म्हणजे लंब, हे मलाच ओळखावे लागते. लंब साधन चुकून उचलले, तर रचना कितीही ओढली तरी कोन 90° च राहतो आणि उदाहरण निर्दोष वाटते. म्हणून रचना झाल्यावर मी डावीकडची पायऱ्यांची यादी वाक्याशेजारी ठेवून वाचते. यादीतल्या प्रत्येक PerpendicularLine समोर वाक्यातले कोणते शब्द आहेत, ते पेन्सिलीने लिहिते. शब्द सापडले नाहीत तर ती पायरी पुसून रचना पुन्हा करते, आणि उदाहरण काढणाऱ्याला एकच प्रश्न पाठवते: हा काटकोन कुठून आला?