कफलिंक, टाय-बार, पॉकेट स्क्वेअर, लॅपल पिन: विकत घेताना आधी उलटून बघा

हॉटेलच्या बँक्वेट विभागात नोकरी, त्यामुळे लग्नसराई असो की कंपन्यांचे वार्षिक मेळावे, संध्याकाळी अंगावर सूट असतोच. त्यात मुंबईची हवा. वर्षातून दोनदा कुणाच्या तरी रिसेप्शनला सूट घालणाऱ्याच्या कफलिंक दहा वर्षं नव्यासारख्या राहतील. माझ्याकडच्या वस्तूंना रोज घाम, गर्दी, वाकणं आणि धावपळ सोसावी लागते, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितोय. या चारही वस्तू दुकानात पुढून छानच दिसतात. टिकतात की नाही, जागेवर बसतात की नाही, ते मागच्या बाजूवर ठरतं.

आधी कफलिंक. माझ्या वापरात तीन प्रकार आहेत: मुलामा दिलेल्या पितळेच्या, ९२५ छापाच्या चांदीच्या आणि रेशमी दोरीच्या गाठींच्या. पितळेची जोडी ऑनलाइन घेतली होती. वर्णनात धातूचं नावच नव्हतं, नुसतं ‘सिल्व्हर फिनिश’. पावसाळा संपेपर्यंत कडांवरचा मुलामा उडाला आणि आतली पिवळी झाक दिसायला लागली. मधला सपाट भाग मात्र अजून चकचकीत आहे. मुलामा आधी कडांवरच जातो, कारण कोटाच्या बाहीचं अस्तर सतत तिथे घासतं. घासाघासीत अस्तरही मार खातं. चौकोनी, धारदार कोपऱ्यांच्या कफलिंकनी माझ्या एका कोटाच्या मनगटापाशी अस्तराचे धागे वर काढलेत. रोजच्या वापराला गोल किंवा कोपरे मारलेला आकारच घ्या.

मुलाम्यापेक्षा महत्त्वाची मागची फिरती दांडी. बहुतेक स्वस्त कफलिंकना गोळीच्या आकाराची, आडवी-उभी होणारी दांडी असते. उभी करून चारही काजांतून ओवायची, मग आडवी फिरवायची. ती ज्या खिळीवर फिरते ती खिळी सैल झाली की दांडी आपोआप उभी होते आणि कोट काढताना कफलिंक बाहीतून निसटते. घेताना दांडी अर्धवट तिरकी ठेवून हात जोरात हलवायचा. दांडी तिथेच राहिली तर घ्या, खाली पडली तर परत ठेवा. चांदीची जोडी झवेरी बाजारातून करून घेतली, तिला फिरता भागच नाही. एका टोकाला मोठी चकती, दुसऱ्या टोकाला लहान, मध्ये वाकवलेली दांडी. ओवायला जरा खटपट होते, पण सैल व्हायला काहीच नाही.

ओवण्याबद्दल एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. दुहेरी कफ मागे दुमडला की काजं चार होतात, आणि कफची दोन्ही टोकं आतल्या बाजूने एकमेकींना टेकली पाहिजेत. गुंडीच्या कफसारखी एकावर एक चढवली तर कफ मनगटाभोवती आवळतो आणि कफलिंक वाकडी बसते. दर्शनी तोंड अंगाच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे हात खाली सोडल्यावर समोरच्याला दिसेल असं. कोटाच्या बाहीखालून शर्ट साधारण सव्वा सेंटिमीटर दिसला तर कफलिंकचा थोडासा भागच डोकावतो, आणि तेवढंच पुरे. अख्खी दिसावी म्हणून बाही आखूड करून घेणारेही भेटतात. त्यांना माझा नमस्कार.

चांदी काळी पडते, ही तक्रार खरी आहे, पण उपाय घरात आहे. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर कफलिंक, एक चमचा खाण्याचा सोडा आणि वरून कढत पाणी. चांदीवरचा काळा थर गंधकाचा असतो. चांदी फॉइलला टेकलेली असली तर तो थर काही मिनिटांत निघतो आणि चांदी घासून झिजवावी लागत नाही. मात्र शिंपला किंवा चिकटवलेला खडा असेल तर हा उद्योग करू नका, गोंद सुटतो. शिंपल्याला लिंबू, चिंच, टूथपेस्ट यातलं काही लावायचं नाही. तो मुळात चुन्याच्याच जातीचा, आंबटाने खाल्ला जातो आणि पेस्टने ओरखडतो. मऊ ओलं फडकं, मग कोरडं, बस. मुलाम्याच्या जोडीलाही एवढंच. पॉलिश लावलंत तर उरलेला मुलामाही जाईल.

रेशमी गाठी सगळ्यात स्वस्त आणि माझ्या सगळ्यात आवडत्या. धातू नाही, अस्तर फाटत नाही, दारावरच्या तपासणीत मशीन वाजत नाही. धागे विसकटले की फेकायच्या. फक्त काळ्या टायच्या औपचारिक संध्याकाळी त्या हलक्या वाटतात. तिथे काळा ऑनिक्स किंवा शिंपला शोभतो.

टाय-बारची गरज मला कशी पटली ते ऐकाल तर हसाल. बुफेच्या टेबलावर वाकून दालमखनीचं झाकण उचलायचं आणि टाय डाळीत पडू द्यायचा नाही, इतकं साधं काम. आमच्याकडे सगळे याला टाय-पिनच म्हणतात, पण यात टोचणारं काही नसतं. प्रकार दोन: एक नुसती वाकवलेली पट्टी, जी बाजूने सरकवतात, आणि दुसरा स्प्रिंगचा चिमटा. सरकत्या पट्टीची पकड जाड लोकरी टायवर चांगली बसते. पातळ रेशमावर ती हळूहळू घसरते आणि घट्ट असेल तर सरकवताना कापडाला ओरखडा पाडते. रेशमी टायला चिमटाच बरा. चिमटा उघडून आत बघा. करवतीसारखे दात असतील तर सॅटिनवर खुणा उमटतात आणि विणलेल्या टायचे धागे अडकतात. गुळगुळीत किंवा बारीक रेघांचा जबडा असलेला शोधा.

जागा शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या गुंडीच्या मध्ये, अगदी आडवी. टायची दोन्ही पानं आणि त्यामागची शर्टाची गुंड्यांची पट्टी, तिन्ही एकत्र पकडली गेली पाहिजेत. अनेकजण फक्त टायची दोन पानं पकडतात आणि मग टाय बारसकट डाळीत जातो. लावून झाल्यावर बारच्या वरचा टाय किंचित ओढून फुगवायचा, नाहीतर मान फिरवताना गाठ खाली खेचली जाते. लांबी टायच्या त्या जागच्या रुंदीच्या साधारण पाऊण. टाय टोकाला ८ सेंटिमीटर असला तरी बारच्या जागी तो साडेसहाच्या आसपास भरतो, म्हणून बार ५ सेंटिमीटरचा. टायच्या बाहेर डोकावणारा बार उसना आणल्यासारखा दिसतो. वेस्टकोट घातलात तर बार लावूच नका, टाय तिथे आधीच धरलेला असतो.

पॉकेट स्क्वेअरबद्दल सगळ्यात जास्त तक्रार असते ती ‘खिशात बुडतो’ ही. दोष मापाचा असतो. माझ्या कोटाचा छातीचा खिसा १० सेंटिमीटर रुंद आणि १२ खोल आहे. ३३ सेंटिमीटरचा पांढरा लिननचा चौकोन दोनदा अर्धा दुमडला की साडेसोळा बाय साडेसोळा होतो. एका बाजूने साडेसहा सेंटिमीटर मागे दुमडलं की रुंदी १० झाली. खालून ३ सेंटिमीटरच्या जरा वर मागे दुमडलं की उंची साधारण १३ उरते. तळ खिशाच्या तळाला टेकतो आणि वर सरळ एक-सव्वा सेंटिमीटरची पट्टी दिसते. संध्याकाळभर ती हलत नाही. आता बाजारात सेटमध्ये टायसोबत मिळतो तो २५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या: दुमडून साडेबारा. वर अर्धा सेंटिमीटर, तोही पहिल्या तासात गायब. शिवाय तो टायच्याच कापडाचा असतो, आणि ती जुळवाजुळव भाड्याच्या सूटची आठवण करून देते. टायमधला एखादा दुय्यम रंग उचला, कापड वेगळं ठेवा.

लिनन आणि सुती कापडाला घडी धरते, रेशमाला धरत नाही. म्हणून रेशीम मधोमध चिमटीत उचलून फुगा करायचा आणि मोठ्या मापाचं, ४० सेंटिमीटरच्या आसपासचं घ्यायचं. तेवढ्या कापडाचा बोळा खाली टेकला की फुगा वर राहतो. काठ बघा. हातशिलाईचा काठ सुतळीसारखा गोल वळलेला असतो, मशीनचा चपटा आणि कडक. फुग्यात काठ आत जातो, तेव्हा मशीनचा चालतो. टोकं वर काढणार असाल तर हातशिलाईच हवी.

गेल्या दिवाळीत बायकोने पैठणीच्या कापडाचा पॉकेट स्क्वेअर दिला. मोर नाही, बारीक बुट्टी. तो उलटून पाहिला तर दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे हातमागाचा. यंत्रमागावरच्या नकलेत बुट्टीच्या मागे सुटे धागे लोंबतात आणि ते घड्याळात, पिनेत, कशातही अडकतात. जरीचा काठ कडक असतो, त्यामुळे फुगा नीट होत नाही. मी तो सपाट घडीत, काठ वर ठेवून लावतो. नेव्ही ब्लू सूट, पांढरा शर्ट, मळकट करडा टाय आणि खिशात तो जांभळा-सोनेरी काठ: पाहुण्यांपैकी मावशा-काकूंनी थांबवून चौकशी केली आहे. त्या दिवशी लॅपल पिन घरी राहते. दोन्ही डावीकडेच असतात आणि एकमेकींशी भांडतात.

लॅपल पिनची जागा डाव्या लॅपलच्या काजात. ते काज फुलासाठी केलेलं असतं, आणि चांगल्या कोटात मागे देठ अडकवायला दोऱ्याचा लहान फासही असतो. आमचे टेलर मास्तर पिना बघून वैतागतात: “साहेब, काज दिलंय ना? मग कापडाला भोक कशाला?” मुद्दा बरोबर आहे. लोकरी कापडावरचं भोक वाफ देऊन हाताने चोळलं की बऱ्यापैकी मिटतं, पॉलिस्टर मिश्रणातलं तसंच राहतं. बऱ्याच स्वस्त सूटांत काज नुसतं शिवलेलं असतं, कापलेलं नसतं. मास्तरांकडून ते उघडून घ्या.

एका खिळ्याची पिन गोल फिरते. कमळ असेल तर संध्याकाळी ते उलटं झालेलं असतं. म्हणून दोन खिळ्यांची घ्या. मागची पितळी टोपी दोन पंख दाबून निघते आणि घट्ट बसते, रबराची काही महिन्यांत सैल होते. चुंबकाच्या पिनेने भोक पडत नाही, पण खांद्यावर बॅगेचा पट्टा आला की ती सरकते. चुंबकीय पट्टीचं की-कार्ड आतल्या खिशात असेल तर ते बिघडू शकतं, आणि पेसमेकर असलेल्यांनी ही पिन लावूच नये. बंदगळ्याला लॅपलच नसतो, तिथे खिशाच्या जरा वर डाव्या छातीवर ब्रोच लावतात. मग कापडाच्या मागे फेल्टचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर जड ब्रोच पुढे झुकतो आणि कापड ओढलं जातं.

कोट ड्रायक्लीनिंगला देताना पिन आणि तिची टोपी दोन्ही काढून घ्या. टोपी हमखास दुकानातच राहते, आणि सुटी टोपी शोधायला गेलात तर दुकानदार अख्खी पिन विकायला बघतो.