तपकिरी की पांढरी? अंड्यांचा डबा उचलण्याआधी

पूर्वी मी तपकिरी अंडीच घ्यायचो, तीही 'फ्री रेंज' लिहिलेली. आता बहुतेक वेळा साधी पांढरी घेतो. हे का झालं ते सांगतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आधी रंगाचं उरकून टाकू. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. आतल्या पोषणात रंगामुळे फरक पडत नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्या सहसा अंगानं मोठ्या असतात आणि जास्त खातात, म्हणून त्यांची अंडी महाग. गडद बलकाचं श्रेयही कवचाला देऊ नका, तो रंग खाद्यातून येतो.

ग्रेडचं मात्र जरा समजून घ्यायला हवं. ग्रेड म्हणजे आकार नव्हे, आकार वजनावर ठरतो. ग्रेड देताना अंड्यामागे उजेड धरून कवच, पांढरा भाग, बलक आणि रुंद टोकाला असलेली हवेची पोकळी पाहतात. अंडं जुनं होईल तशी कवचाच्या बारीक छिद्रांतून ओल उडते आणि ही पोकळी वाढते. अमेरिकेत 'एए' ग्रेडला ती साधारण ३ मिलिमीटरपर्यंत चालते, युरोपात 'ए'ला ६ मिलिमीटरपर्यंत. पण हा शिक्का पॅकिंगच्या वेळचा. त्यानंतर डबा किती दिवस फळीवर पडून राहिला, हे त्या अक्षराला ठाऊक नसतं.

माझं घोडं नेमकं इथेच अडलं. एकदा घरी पाहुणे येणार म्हणून दोन डबे आणले, एक तपकिरी फ्री रेंजचा, एक पांढरा. दोन्हींवर ग्रेड एकच. सकाळी दोन सपाट ताटल्यांत एकेक फोडलं. पांढऱ्यातला बलक गोल, उंच उभा आणि त्याच्याभोवती घट्ट पांढऱ्याची कड. तपकिरी अंडं ताटलीभर पाण्यासारखं पसरलं, बलक चपटा, बोट लागताच फुटला. मग डबे उलटे करून तारखा पाहिल्या. पांढऱ्याचं पॅकिंग चार दिवसांपूर्वीचं, तपकिरीचं एकोणीस. तसं ते नासलं नव्हतं, वासही नव्हता, ऑम्लेट छान झालं. पण दाम जास्त मोजून जुनं अंडं आणल्याची चुटपुट लागली ती लागलीच. माझा अंदाज असा की महाग डबा सावकाश खपतो, म्हणून फळीवर रेंगाळतो. हा अनुभव माझ्या नेहमीच्या दुकानापुरता. जिथे तपकिरीच धडाधड खपतात तिथे गणित उलटंही असेल.

त्यात आणखी एक कटकट. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंड्याचं रुंद टोक टेकवलं की पांढऱ्यात पोकळीची कड स्वच्छ दिसते. तपकिरीत नुसता लालसर धूसर गोळा. रक्ताचा बारीक ठिपकाही तपकिरी अंड्यांत जास्त आढळतो आणि त्याच कवचामुळे तपासणीतून सुटतो. खायला तो निरुपद्रवी आहे, पण सकाळी तव्यावर पाहायला नको वाटतो.

दुकानात अंडं पाण्यात सोडून पाहता येत नाही, त्यामुळे मी तीनच गोष्टी करतो. समोरचा डबा सोडून मागच्यांच्या पॅकिंगच्या तारखा वाचतो. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' ही तारीख त्यामानानं कमी सांगते. मग डबा उघडून प्रत्येक अंडं जागच्या जागी किंचित फिरवतो. जे फिरत नाही ते खालून तडकून चिकटलेलं असतं. शेवटी एखादं कानाशी हलवतो. डुचमळलं तर डबा परत फळीवर. अर्थात आवाज न येणं म्हणजे ताजेपणाची हमी नाही.

आता फ्री रेंज. 'केज फ्री' म्हणजे पिंजरा नाही, पण कोंबडी शेडमध्येच असू शकते. 'फ्री रेंज' म्हणजे बाहेर जायची सोय. ती किती, हे देशागणिक बदलतं. युरोपात दर कोंबडीमागे बाहेर ४ चौरस मीटर जागा लागते आणि अंड्यावरच्या संकेतांकाचा पहिला आकडा पाळण्याची पद्धत सांगतो: ० सेंद्रिय, १ फ्री रेंज, २ शेड, ३ पिंजरा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ग्रेडिंगमध्ये बाहेर जाण्याची मुभा लागते, पण जागेचं माप ठरलेलं नाही. कोंबडी कशी जगते याची तुम्हाला फिकीर असेल तर हे लेबल वाचण्यासारखं आहे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणंही मला पटतं. फक्त त्यावरून ताजेपणा जोखू नका.

म्हणून हल्ली फ्री रेंजमध्येही पांढरं मिळालं तर मी तेच उचलतो. तपकिरी डबा आठवड्याच्या आतला दिसला तर तोही घेतो, पण घरी आल्यावर एक अंडं ताटलीत फोडून पाहिल्याशिवाय मन मानत नाही.