खरेदी परतीच्या डेबिट नोटा: टॅलीप्राइममध्ये नऊ महिने वापरल्यानंतर

परत गेलेल्या मालाच्या नोंदीसाठी गेले नऊ महिने मी एकच शिस्त पाळते आहे. माल ज्या दिवशी गोदामातून निघाला त्याच दिवशी आमची डेबिट नोट करायची. विक्रेत्याची क्रेडिट नोट आली की तिची वेगळी नोंद करायची नाही, ती फक्त आपल्या डेबिट नोटेशी जुळवायची. ऐकायला अगदीच साधं आहे. पण हे लावून घ्यायला पहिले दोन महिने गेले, आणि मुळात हे करावं का लागलं ते आधी सांगते.

एका विक्रेत्याचं बिल होतं २०० नगांचं, दर ४००. मूळ रक्कम ८०,०००, त्यावर १० टक्के कर ८,०००, एकूण ८८,०००. त्यातले ३० नग सदोष निघाले. ते परत पाठवले आणि मी डेबिट नोट केली: १२,००० आणि कर १,२००, म्हणजे १३,२००. देणं राहिलं ७४,८००. इथवर सगळं ठीक.

पाच आठवड्यांनी विक्रेत्याची क्रेडिट नोट मेलवर आली, १२,५४० ची. त्या दिवशी मी रजेवर होते. सहकाऱ्याने कागद पाहिला आणि इमानदारीत नोंदवून टाकला. आमच्याकडे सवयच तशी होती, कागद आला की नोंद झालीच पाहिजे. झालं काय, की एकाच परतीची वजावट दोनदा झाली. देणं दिसायला लागलं ६२,२६०, आणि तेवढेच पैसे गेले. विक्रेत्याच्या हिशेबनिसाचा फोन आला, "मॅडम, तुमच्याकडून तेरा हजार दोनशे कमी आलेत." मी दहा मिनिटं वाद घातला. मग खातं उघडलं आणि गप्प बसले.

मूळ गोंधळ नावांचा आहे. डेबिट नोट आणि क्रेडिट नोट हे दोन वेगळे व्यवहार नाहीत. एकाच परतीकडे दोन टोकांनी पाहिलेले ते दोन कागद आहेत. आपण विक्रेत्याचं खातं नावे टाकतो म्हणून आपल्या कागदाला डेबिट नोट म्हणतो. तो आपलं खातं जमा करतो म्हणून त्याचा कागद क्रेडिट नोट. आपल्या वहीत मात्र दोन्ही कागदांचा परिणाम एकच, देणं कमी होणं, आणि तो एकदाच व्हायला हवा.

काही ठिकाणी उलट पद्धत असते: आपली डेबिट नोट नुसतं पत्र म्हणून पाठवायची आणि विक्रेत्याची क्रेडिट नोट आल्यावरच नोंद करायची. तीही चालते, त्यात रकमेचा फरक पडत नाही. मला ती जमली नाही, कारण माल गेलेला असूनही पाच-सहा आठवडे देणं पूर्ण दिसत राहतं, आणि त्या दरम्यान बिलाची मुदत भरली की पूर्ण पैसे निघून जातात. कोणतीही एक निवडा, पण सगळ्या विक्रेत्यांना आणि नोंद करणाऱ्या सगळ्यांना तीच लागू हवी. आमचा घोळ दोन पद्धती एकाच वहीत नांदत होत्या म्हणून झाला.

आता रोजचं काम. टॅलीप्राइममध्ये Alt+F5 दाबलं की डेबिट नोट उघडते. पक्षाच्या तपशिलात मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख मी न चुकता भरते. खरी गंमत शेवटी येते, जिथे बिलवार तपशील विचारला जातो. तिथे चार पर्याय असतात: Advance, Agst Ref, New Ref आणि On Account. बिल अजून द्यायचं असेल तर Agst Ref घेऊन तेच बिल निवडायचं. मग देय रकमांच्या अहवालात ते बिल ८८,००० ऐवजी ७४,८०० दिसतं आणि पेमेंट करणाऱ्याला वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

घाईत On Account वर एंटर मारलं तर? खात्याची एकूण शिल्लक बरोबरच येते, म्हणून चूक कळत नाही. बिल मात्र पूर्ण ८८,००० उभं राहतं आणि १३,२०० कुठल्याच बिलाला न चिकटता बाजूला पडून राहतात. बिल पाहून पैसे देणारा पूर्ण रक्कम देतो. आमच्याकडे अशा सुट्या पडलेल्या नोंदी पहिल्याच महिन्यात चार सापडल्या, त्यातली एक वर्षभर जुनी. विक्रेत्याने आपणहून आठवण करून द्यावी अशी अपेक्षा करणं भाबडेपणाच.

बिलाचे पैसे आधीच दिले असतील तर Agst Ref ला जागाच नसते. तेव्हा New Ref घ्यायचा आणि संदर्भ म्हणून आपल्या नोटेचा क्रमांक द्यायचा, जसं DN-041. पुढचं बिल ५०,००० चं असेल आणि ही नोट ६,००० ची, तर पेमेंट ४४,००० चं. पण त्या पेमेंटच्या बिलवार तपशिलात दोन ओळी हव्यात: बिलासमोर ५०,००० नावे आणि DN-041 समोर ६,००० जमा. नुसते ४४,००० बिलासमोर टाकले तर बिल ६,००० ने अपुरं आणि नोट ६,००० ने उघडी, दोन्ही अहवालात लोंबकळत राहतात. पुढचा कोणीतरी ते "राहिलेले" ६,००० देऊन मोकळा होतो.

आता त्या १३,२०० आणि १२,५४० मधल्या ६६० कडे येते. विक्रेत्याने तीसच्या तीस नग मान्य केले होते, पण परत हाताळणीचे म्हणून ५ टक्के, म्हणजे ६००, कापले. उरलेल्या ११,४०० वर कर ११४० धरला. म्हणून १२,५४०. आमच्या खरेदी ऑर्डरमध्ये ही अट होती, आमच्याच डोळ्यांतून सुटली होती. तेव्हा फरक मान्य करणं भाग होतं.

पहिला विचार येतो की डेबिट नोट उघडावी आणि रक्कम बदलून टाकावी. मी तसं करत नाही. ३० नग गुणिले ४०० ही त्या नोटेची ओळख आहे, गोदामाच्या पावतीशी ती जुळते. दर ३८० केला तर सहा महिन्यांनी कोणालाच कळणार नाही की ३८० आला कुठून. शिवाय तो महिना बंद झाला होता. म्हणून वेगळी जर्नल नोंद केली: विक्रेत्याचं खातं ६६० ने जमा, त्याच बिलाच्या संदर्भाने, परत-माल कपात खर्च ६०० नावे आणि डेबिट नोटेत जास्त उलटवलेला कर ६० नावे. देणं झालं ७५,४६०, विक्रेत्याच्या उताऱ्याशी तंतोतंत. अशा कपातीवर कर कसा धरायचा हे तिथल्या नियमावर ठरतं, त्यामुळे ते ६० डोळे झाकून उचलू नका. ६०० मात्र खर्चातच जाणार.

फरक मान्य नसेल, समजा विक्रेता म्हणतो तीस नाही सत्तावीसच नग मिळाले, तर मी काहीच नोंद करत नाही. डेबिट नोट तशीच उभी राहते आणि नॅरेशनमध्ये "वादात" लिहिते. उत्तर मिळेपर्यंत तीन नगांची रक्कम देणं नाही असंच आपलं म्हणणं आहे, आणि वहीही तेच सांगते.

दरातल्या फरकाची डेबिट नोट हा वेगळा प्राणी आहे, आणि इथे मी स्वतः घसरले. बिल ४२० ने आलं होतं, ठरला होता ४००. माल परत गेलाच नव्हता. मी सवयीने वस्तू आणि नग टाकून नोट केली, देणं बरोबर कमी झालं, पण साठ्यातून ५० नग उडाले. मोजणीच्या दिवशी गोदामवाल्याने विचारलं, "ताई, हे पन्नास वहीत नाहीत आणि रॅकवर आहेत, ठेवू की परत पाठवू?" तेव्हापासून माल न हलता फक्त पैसे हलणार असतील तर Ctrl+H ने अकाउंटिंग इनव्हॉइसच्या पद्धतीत जाऊन नुसत्या रकमेची नोट करते.

आणखी एक चूक नव्या माणसाकडून हमखास होते. विक्रेत्याच्या कागदावर ठळक अक्षरांत "क्रेडिट नोट" लिहिलेलं असतं, म्हणून तो Alt+F6 उघडतो. ते व्हाउचर ग्राहकाकडून परत आलेल्या विक्रीसाठी आहे. त्यात विक्रेत्याचं नाव टाकलं तर देणं कमी होण्याऐवजी वाढतं. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: उताऱ्यातला फरक कागदाच्या रकमेच्या बरोबर दुप्पट येतो. ६,००० च्या नोटेसाठी १२,००० चा फरक. फरक एकपट असेल तर दोन शक्यता, नोंद राहिली आहे किंवा दोनदा झाली आहे. आपलं देणं विक्रेत्याच्या उताऱ्यापेक्षा कमी दिसत असेल तर बहुधा दोनदा झाली, किंवा त्याने अजून आपली परत धरलेलीच नाही.

ही शेवटची शक्यता तपासायला मी एक साधा तक्ता ठेवते: आमचा नोट क्रमांक, बिल क्रमांक, रक्कम, त्यांचा क्रेडिट नोट क्रमांक. चौथा रकाना रिकामा म्हणजे कागद यायचा आहे. त्यांचा क्रमांक मी डेबिट नोटेच्या नॅरेशनमध्येही टाकते, म्हणजे कोणी तोच कागद पुन्हा नोंदवायला बसलं तर आधी शोधून पाहता येतं. हे काम सॉफ्टवेअर आपणहून करत नाही. १३,२०० ची आमची नोट आणि १२,५४० ची त्यांची नोट एकाच परतीची आहे हे त्याला कळायचं काही कारणही नाही. दर महिन्याला तक्ता भरायचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

नऊ महिन्यांत दुहेरी वजावट पुन्हा झालेली नाही. On Account वर पडलेल्या दोन नोंदी मात्र मधे सापडल्या, दोन्ही माझ्याच, दोन्ही शुक्रवारी संध्याकाळच्या. आज तक्त्यात चौथा रकाना रिकामा असलेल्या तीन ओळी आहेत. सगळ्यात जुनी सत्तेचाळीस दिवसांची, आणि त्या विक्रेत्याचं पुढचं बिल सोमवारी द्यायचं आहे. ते मी नोटेची रक्कम वजा करूनच देणार आहे. पेमेंटच्या मेलमध्ये नोटेचा क्रमांक आणि माल मिळाल्याची त्यांच्याच सहीची पावती जोडून ठेवली आहे.