मराठी प्रबंधाचा सिमिलॅरिटी रिपोर्ट : वर्षभराच्या वापरानंतर

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पीएच.डी.चे प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर अपलोड करायचं काम माझ्याकडे आहे. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. इंग्रजी प्रबंधांसाठी ते बरं आहे, काही तक्रार नाही. मराठी प्रबंधाच्या बाबतीत मात्र रिपोर्टवरच्या नुसत्या आकड्यावर मी आता विसंबत नाही.

नियम सगळ्यांना ठाऊक आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० मध्ये अडकलात तर दंड म्हणून सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध पुन्हा द्यावा लागतो. म्हणून विद्यार्थ्याचं पहिलं वाक्य असतं, "मॅडम, किती आलं?"

आगरी लग्नात गायल्या जाणाऱ्या धवल्यांवरच्या एका प्रबंधाला ३ टक्के आले. विद्यार्थी खूश, गाईडही खूश. मला खटकलं ते रिपोर्टमधल्या रंगांमुळे: जुळलेला मजकूर रिपोर्टमध्ये रंगलेला दिसतो, आणि इथे रंगलेला होता तो फक्त इंग्रजी गोषवारा आणि संदर्भसूचीतली इंग्रजी पुस्तकं. अडीचशे पानांच्या मराठीत एक ओळ रंगलेली नाही, असं होत नाही. फाइलमधली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये टाकली, तर 'मराठी'च्या जागी `ejkBh` दिसलं. प्रबंध गोखले रोडवरच्या डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमध्ये टाइप करून आणला होता. अशा जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं देवनागरी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन. सॉफ्टवेअर `ejkBh` वाचतं, आणि युनिकोडमधल्या 'मराठी'शी ते कधीच जुळणार नाही. जुळलंच तर दुसऱ्या कुणाच्या कृतिदेवमधल्या फाइलशी. पीडीएफऐवजी वर्डची फाइल दिली तरी फरक पडत नाही.

फाइल युनिकोडमध्ये बदलून घेतली, जोडाक्षरं हाताने सुधारली, पुन्हा टाकली. २४ टक्के! विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. पण हाही आकडा खरा नव्हता. रंगलेल्यातला मोठा भाग होता खुद्द धवल्यांचा, जे ही गाणी म्हणणाऱ्या धवलारणींच्या तोंडून येतात आणि आधीच्या प्रबंधांतही छापलेले असतात. श्रेय देऊन घेतलेलं अवतरण नियमाप्रमाणे मोजायचंच नसतं. पण सॉफ्टवेअरला अवतरण कळतं ते अवतरणचिन्हांवरून, आणि गाणी, ओव्या, अभंग आपण चिन्हांशिवाय, मधोमध ओळी पाडून छापतो. गाणी एकेक करून वगळल्यावर ९ टक्के उरले. हे वगळणं कुणी करायचं, ग्रंथपालाने की गाईडने, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

आता खरी गंमत. गाईडने प्रबंध वाचताना दुसऱ्या प्रकरणातल्या एका पानावर बोट ठेवलं. रिपोर्टमध्ये ते पान कोरं होतं. मूळ वाक्य असं होतं: "धवलारीण लग्नाच्या प्रत्येक विधीला त्या विधीचा धवला म्हणते." प्रबंधात: "लग्नातल्या प्रत्येक विधीसाठी धवलारीण त्या-त्या विधीचे धवले म्हणते." शाळेतलं पोरही सांगेल की हे उचललेलं आहे. सॉफ्टवेअर ओळीने येणारे शब्द जसेच्या तसे जुळवतं. इंग्रजीत शब्दयोगी शब्द सुटे राहतात, त्यामुळे मूळ नाम हाती लागतं. आपल्याकडे 'लग्नाच्या'चं 'लग्नातल्या' आणि 'विधीला'चं 'विधीसाठी' झालं की त्याच्या लेखी ते नवे शब्द. वर क्रमही हलला, मग सलग तीन शब्दसुद्धा सारखे उरत नाहीत. चोर फार हुशार नसला तरी चालतं.

मुद्दाम न बदलताही साम्य निसटतं. 'दुसऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड वेगळा ऱ घालतात, काही साध्या र-ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मी एकच परिच्छेद दोन्ही तऱ्हांनी टाकून पाहिला, आणि असा प्रत्येक शब्द आला तिथे जुळणीची साखळी तुटली. 'ॲ'चंही तेच, कारण तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि अ-वर चंद्र देऊनही.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या मराठी प्रबंधांबद्दल वेगळं सांगत नाही. त्यातले कितीतरी स्कॅन केलेले आहेत. पानाचा फोटो आणि मजकूर यांत सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही नातं नाही.

सध्या मी इतकं करते: युनिकोडमधली वर्ड फाइलच घेते, तीन-चार वेगवेगळ्या पानांवरच्या ओळी नोटपॅडमध्ये टाकून पाहते, आणि गाण्यांची पानं गाईडच्या सहीने वगळते. नूतनीकरणाच्या फॉर्मवर कंपनीला दोन प्रश्न लिहून दिलेत. तुलनेआधी ऱ आणि ॲची रूपं एकसारखी करता का? विभक्तीचे प्रत्यय काढून मूळ शब्द जुळवता का? सेल्सवाल्याने "सर्व भारतीय भाषांना सपोर्ट आहे" एवढंच उत्तर दिलं. पैसे तरीही भरावे लागतील, कारण रिपोर्ट जोडल्याशिवाय प्रबंध पुढे जात नाही.