सस्स, टिकटिक आणि श्वास: हाताने काढायचे की प्लगिनने?

माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवून कथा किंवा ऑडिओबुक वाचलं की तीन गोष्टी हमखास त्रास देतात. स-श-च कानाला टोचतात, जिभेची नि थुंकीची टिकटिक येते, आणि श्वास एवढे मोठे की ऐकणाऱ्याला वाटतं वाचणारा जिना चढून आलाय. आता हे सगळं एकाच प्लगिनने साफ करायचं की हाताने, की पैसे टाकून iZotope RX घ्यायचं, हा प्रश्न असेल तर माझं मत सरळ आहे, तिन्ही दुखण्यांना एकच औषध नाही.

आधी श्वास. खूप जण इथे नॉइज गेट लावतात आणि तिथेच फसतात, कारण गेटला फक्त आवाजाची पातळी कळते आणि मराठी वाक्याचा शेवट बहुतेक वेळा आहे, होता, गेलं अशा पडत्या आवाजातच होतो. जवळच्या माइकवर मोठा श्वास आणि तो शेवटचा ‘आहे’ पातळीला जवळपास सारखेच, मग श्वास दाबायला गेलात की ‘आहे’चा ‘हे’ पण जातो. RX मधलं Breath Control नुसती पातळी बघत नाही, श्वासाचा पोत ओळखतं म्हणून बरंच बरं, पण कुजबुजत वाचलेल्या ओळीत तेही गोंधळतं. हाताने करायचं तर श्वास सिलेक्ट करून 8-10 डीबी खाली आणायचा, बस. पूर्ण म्यूट करू नका, तिथे एकदम निर्वात पोकळी ऐकू येते आणि पुढचं वाक्य आभाळातून पडल्यासारखं वाटतं. अगदी काढायचाच असेल तर त्या जागी खोलीची रिकामी शांतता रेकॉर्ड करून चिकटवायची. मिनिटाला आठ-दहा श्वास धरले तर अर्ध्या तासाच्या प्रकरणात अडीचशे-तीनशे होतात, म्हणजे वेळ जातोच, पण दहा मिनिटांच्या कथेला मी तरी हातानेच करेन.

टिकटिकीचं बरोबर उलटं. एकेक क्लिक दोन-तीन मिलिसेकंदांची, स्पेक्ट्रोग्राममध्ये बारीक उभी रेघ दिसते, आणि एका वाक्यात अशा पाच-सहा सहज. Audacity मधलं Repair फुकट आहे आणि चांगलं काम करतं, पण ते एका वेळी जास्तीत जास्त 128 सॅम्पल दुरुस्त करतं, म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला जेमतेम 2.9 मिलिसेकंद, तेव्हा आख्खं प्रकरण असं करायचं म्हणजे डोळे जातील. तिथलंच Click Removal जुन्या रेकॉर्डच्या खरखरीसाठी बनलंय, तोंडाच्या आवाजावर फार भरवसा नको. इथे पैसे टाकण्यात अर्थ आहे, RX चं Mouth De-click खरंच वेळ वाचवतं. फक्त Output clicks only टिक करून ऐका की काय काय बाहेर जातंय. त्यात नुसती टिकटिक असेल तर ठीक, पण ट, क, प ची सुरुवात किंवा ‘चमचा’तल्या च चा फटका ऐकू आला तर Sensitivity खाली घ्या, नाहीतर वाचणाऱ्याच्या तोंडात कापूस कोंबल्यासारखं होतं.

राहिला स. एक वाक्य घेऊन बघू: ‘सासूबाईंनी सकाळीच साखरेचा डबा लपवून ठेवला.’ पहिल्या अर्ध्यातच चार स, त्यात दोन च. डी-एसर लावताना आधी त्याचं ऐकायचं बटण दाबून टोचणारी जागा शोधायची, साधारण 5 ते 8 किलोहर्ट्झमध्ये सापडते, बायकांच्या आवाजात बऱ्याचदा थोडी वर. मग थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणत फक्त स वर 4-5 डीबी कपात दिसेल तिथे थांबायचं. ‘डबा लपवून ठेवला’वर सुई हलायला नको, हलली तर थ्रेशोल्ड फार खाली गेलाय. ‘सासूबाई’ची ‘थाथूबाई’ ऐकू यायला लागली तर कपात जास्त झालीय. अडचण एवढीच की चारही स सारखे नसतात, ‘सकाळीच’चा जोरात असतो नि ‘सासू’तला दुसरा मऊ, आणि जोरातल्यासाठी लावलेलं सेटिंग मधल्यांनाही थोडं बोथट करतं. हाताने केलं तर फक्त टोचणारा स 4-6 डीबी खाली आणता येतो, REAPER मध्ये तेवढा तुकडा कापून आवाज कमी केला की झालं, आणि कान म्हणतो हाच निकाल सगळ्यात नैसर्गिक. म्हणून मी मिसळ करते, हलका डी-एसर सगळ्यावर, जे चार-पाच स तरीही टोचतात ते हाताने.

क्रम मात्र चुकवू नका. क्लिक आणि श्वास कंप्रेसरच्या आधी, कारण कंप्रेसर नि त्यापाठोपाठ वाढवलेला गेन लहान आवाज वर ओढतो आणि आधी जेमतेम ऐकू येणारी टिकटिक नंतर छान ऐकू येते. स पण कंप्रेसरनंतर परत टोचायला लागतो, तेव्हा डी-एसर त्याच्या नंतर ठेवलेला बरा.

पैसे खर्च करायचे नसतील तर आधी माइक तोंडासमोरून वीसेक अंश बाजूला फिरवून बघा, अर्धा स तिथेच मरतो आणि श्वासही थेट आदळत नाही. टिकटिकीला मात्र याचा उपयोग नाही, तिला पाण्याचा घोट, हिरवं सफरचंद किंवा Mouth De-click.