भागीदारीतला हिस्सा की कंपनीचे शेअर: मृत्युपत्राने मुलीच्या हाती काय पडतं?

समजा, पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये तीन समान भागीदार आहेत. त्यातल्या एकाला आपला हिस्सा मुलीला द्यायचा आहे. 'माझी भागीदारी मुलीला' असं मृत्युपत्रात लिहिलं तरी मुलगी भागीदार होत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नवा भागीदार घ्यायला बाकी सगळ्यांची संमती लागते किंवा भागीदारी पत्रात तशी सोय असावी लागते. तिला मिळतात ते वडिलांच्या हिश्शाचे पैसे. शिवाय फर्म चालू राहील असं भागीदारी पत्रात नसेल, तर मृत्यूबरोबर फर्मच विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर तसं कलम असूनही होते, कारण एकट्याची फर्म नसते.

पैसे किती, हेही भागीदारी पत्रावरच ठरतं. वडिलांच्या भांडवल खात्यात 18 लाख आहेत. जागा ताळेबंदात 12 लाखांची आहे, बाजारात 90 लाखांची. पत्रात 'पुस्तकी किमतीने हिशेब' असेल तर मुलीला 18 लाख मिळतील. बाजारभाव धरला तर फरकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 26 लाख, वर मिळतो. ही एक ओळ मृत्युपत्रातल्या कुठल्याही शब्दांनी बदलत नाही. ती हयातीतच, तिघांच्या सह्यांनी बदलून घ्यावी लागते. हिशेब न मिटवता उरलेल्यांनी धंदा चालवला, तर मिटेपर्यंत तिच्या पैशांनी कमावलेला नफा किंवा वर्षाला 6 टक्के व्याज, यातलं एक मागता येतं. मात्र करारात वेगळं ठरलेलं नसावं.

प्रायव्हेट कंपनीत मृत्यूने कंपनी थांबत नाही आणि शेअर मृत्युपत्राने थेट मुलीला देता येतात. अडवणूक होते ती आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत. अनेक कंपन्यांनी कायद्यातला नमुना तसाच उचललेला असतो. हयातीतलं हस्तांतर नाकारण्याचा जो हक्क संचालकांना असतो, तोच त्यात वारसाच्या बाबतीतही दिलेला आहे. नाव लागेपर्यंत तिला लाभांश मिळतो, मत देता येत नाही. नकार कारणासह 30 दिवसांत कळवावा लागतो आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांत न्यायाधिकरणात अपील करता येतं. काही आर्टिकल्समध्ये तर मृत्यूनंतर शेअर आधी इतर सभासदांना देऊ करावे लागतात. तेव्हा इथेही शेवटी पैसेच हाती येतात.

नॉमिनी भावाला नेमलं असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी मालक होत नाही, शेअर मृत्युपत्राप्रमाणेच जातात. तरीही दोन्हीकडे एकच नाव ठेवा, कारण कंपनी आधी नॉमिनीलाच ओळखते.

मुलीने धंद्यात बसावं अशी इच्छा असेल तर मी कंपनी निवडेन. 40 टक्के शेअर तिच्या नावावर लागले की तिने विरोधात मत दिल्यास आर्टिकल्स बदलता येत नाहीत. संचालकपद मात्र वारशाने मिळत नाही. तिला फक्त पैसे हवे असतील तर बाजारभावाचं कलम असलेली फर्म पुरेशी आहे.