जोडाक्षर तुटतं तेव्हा: अदृश्य फट की सुटसुटीत शब्द?

यवतमाळकडच्या कृषी केंद्राच्या अरुंद चॅट खिडकीत ‘बोंडअळीव्यवस्थापनासाठी’ हा शब्द मावत नाही. `word-break: break-all` असेल, तर जुन्या फोनवर ‘व्य’ फुटतो: ओळीच्या शेवटी ‘व्’ आणि खाली ‘यवस्थापनासाठी’. कारण युनिकोड 15.1 (2023) पूर्वीच्या मूळ नियमात हलन्तानंतर अक्षरगट संपायचा.

पहिला उपाय म्हणजे शब्दात शून्य रुंदीची जागा घालणं. ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ हे योजनेचं नाव बदलता येत नाही, तिथे हाच उपाय:

```
महा​सन्मान
```

ती पदांच्या सांध्यावरच घाला. ‘न्’ आणि ‘मा’च्या मध्ये पडली तर जोडाक्षर आपणच फोडलं. शिवाय मजकूर कॉपी केला की ती सोबत जाते, मग साध्या शोधात ‘महासन्मान’ सापडत नाही.

दुसरा उपाय शब्दच मोकळा करण्याचा: ‘बोंडअळी आटोक्यात आणायला’. ओळ आपोआप मोकळ्या जागेवर तुटते, शोधही बिघडत नाही आणि शेतकऱ्याला वाचायलाही हेच सोपं. सल्ल्याच्या मजकुरात आम्ही हाच धरतो. मात्र `break-all` काढून `overflow-wrap: anywhere` लावा, नाहीतर ‘दारव्हा’सुद्धा ओळीच्या कडेला ‘दारव्’ होऊन बसेल.